विश्लेषण : ट्रम्प यांच्या भाषणावर बीबीसीची कात्री कुठे चुकली?

अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या भाषणाच्या चुकीच्या संपादनावरून बीबीसीचे महासंचालक टिम डेव्ही आणि वृत्तविभागाच्या प्रमुख डेबोरा टर्नेस यांनी 9 नोव्हेंबर 2025 रोजी राजीनामे दिले. भाषण कापणे हे वृत्तवाहिन्यांचे रोजचे काम. मग येथे नेमके काय बिघडले?

प्रकरण काय?

6 जानेवारी 2021 रोजी वॉशिंग्टनमध्ये ट्रम्प तासाभराहून अधिक बोलले. सुरुवातीच्या भागात, आपण कॅपिटॉलकडे चालत जाऊ आणि आपल्या सिनेटर व प्रतिनिधींना पाठिंबा देऊ, असे ते म्हणाले. थोड्याच वेळात त्यांनी शांततेने आवाज उठवण्याचाही उल्लेख केला. जिद्दीने लढण्याची भाषा भाषणाच्या शेवटाकडे आली. ‘पॅनोरमा’च्या ऑक्टोबर 2024 मधील माहितीपटात 50 हून अधिक मिनिटांच्या अंतराने आलेली ही वाक्ये सलग जोडली गेली. कॅपिटॉलकडे चला आणि लढा, असे एकच आवाहन प्रेक्षकांना ऐकू आले. थेट हिंसेचे आवाहन केल्याचा चुकीचा समज त्यातून झाला, हे बीबीसीने नंतर मान्य केले आणि माफी मागितली. भरपाई देण्यास मात्र नकार दिला. डिसेंबरमध्ये ट्रम्प यांनी फ्लोरिडातील न्यायालयात दावा दाखल केला.

त्या क्लिपमधील प्रत्येक शब्द ट्रम्प यांचाच होता. खोटा होता तो सांधा.

मग कापायचे कसे?

आधी भाषण शब्दशः उतरवून प्रत्येक वाक्यासमोर वेळ लिहितात. मिनिटाला साधारण 120 शब्द धरले, तर 12 सेकंदांत 24 शब्द बसतात. समजा, एखाद्या शहराचे महापौर म्हणाले : ‘शहराला पाणीकपात करावी लागेल, असं काही जण सांगताहेत. तसं नाही. 15 जुलैपर्यंत धरण निम्मं भरलं नाही, तर आणि तरच 10 टक्के कपात करू. माझ्या वॉर्डातला माणूस रोज विचारतो, साहेब, पाणी येणार का? मी सांगतो, बाबा, काळजी करू नको, टाक्या दुरुस्त होताहेत.’

मर्यादा 12 सेकंदांची असेल तर वॉर्डातल्या माणसाचा किस्सा जाईल. पहिली तीन वाक्ये 23 शब्दांची आहेत, ती सलग बसतात आणि आत एकही सांधा लागत नाही. मर्यादा सात सेकंदांची झाली, तर फक्त तिसरे वाक्य घ्यावे. ते 13 शब्दांचे आहे आणि अट त्यातच आहे. तीन सेकंदच मिळाले तर? मग महापौरांचा आवाज वापरूच नये. निवेदकाने अटीसह आशय सांगावा.

मोह होतो तो याच ठिकाणी. ‘शहराला पाणीकपात करावी लागेल’ हे चार शब्द दोन सेकंदांत बसतात, ठसठशीतही आहेत. पण ते महापौरांचे मत नाही. ते खोडून काढण्यासाठी त्यांनी उद्धृत केलेले इतरांचे म्हणणे आहे.

मराठीत धोका जास्त का?

इंग्रजीत ‘काही जण म्हणतात’ हे सहसा आधी येते. मराठीत ‘असं ते म्हणतात’, ‘असं मला वाटत नाही’ हे बहुतेक वेळा शेवटी येते, नकारही क्रियापदाजवळ, वाक्याच्या टोकाला. वेळ संपली म्हणून शेपूट छाटले की वक्ता स्वतःच्याच विरोधात बोलू लागतो. त्यामुळे मराठी क्लिपचा शेवट ठरवताना पुढचे किमान एक वाक्य ऐकावेच लागते. उलट ‘जर’ वगळून ‘तर’पासून सुरुवात केली, तर अट गायब होते.

जोड ओळखता येते का?

कधी कधी. वाक्य संपताना बोलणाऱ्याचा सूर खाली येतो. मधेच तोडले तर तो लटकतो. गर्दीचा गोंगाट अचानक बदलतो, टाळ्या अर्ध्यावर तुटतात. चित्रात मात्र सांध्यावर गर्दीचे किंवा झेंड्याचे दृश्य टाकले की वक्त्याची मान झटकन हललेली दिसत नाही. बहुतेकदा हे केवळ देखणेपणासाठी केले जाते, पण त्याने जोडही झाकला जातो.

दोन दूरचे तुकडे घ्यायचेच असतील, तर मध्ये निवेदकाचे ‘भाषणाच्या शेवटी ते म्हणाले’ एवढे वाक्य किंवा पडद्यावर पांढरी चमक पुरते. त्याला जेमतेम दोन सेकंद लागतात. तेवढे दुसऱ्या एखाद्या वाक्यातून वाचवावे लागतात.