‘मानभावी’ ही शिवी कुणाची?

बारामती-इंदापुरात ढोंगी माणसाला आपण सहज ‘मानभावी’ म्हणतो. हा शब्द ‘महानुभाव’चाच अपभ्रंश, त्याला शिवी बनवली विरोधकांनी. जीव, देवता, प्रपंच, परमेश्वर हे चार वेगळे आणि नित्य मानणाऱ्या या द्वैती पंथाचे ग्रंथ सकळ लिपीत बंद होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिपी उलगडेपर्यंत बाहेर चालली ती विरोधकांचीच साक्ष.

ख्रिस्ती ज्ञानवाद्यांचेही तेच झाले. आयरेनियससारख्या बिशपांनी त्यांच्यातल्या काहींना स्वैराचारी ठरवले. १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीला पोथ्या सापडल्या, त्यांत मात्र संयमाचा उपदेश निघाला.

पंथाचे ग्रंथही भक्तांनीच लिहिलेले, तेही तपासूनच वाचायचे. पण आरोपीचा जबाब न वाचता दिलेला निकाल आम्हाला मान्य नाही.