डायरी ज्याच्या हातात, शोधणंही त्याच्याकडे

दाताच्या दवाखान्यात फोन येतो. पलीकडच्या बाई म्हणतात, "शनिवारी संध्याकाळी सहाची वेळ मिळेल का?" शनिवारची संध्याकाळ भरलेली असते. रिसेप्शनवरची मुलगी सांगते, "शनिवार फुल आहे मॅडम. तुम्हाला दुसरं कधी जमेल?" बाई म्हणतात, "मग शुक्रवारी?" शुक्रवारही भरलेला. "बरं, गुरुवारी संध्याकाळी?" गुरुवारी संध्याकाळी डॉक्टर दुसरीकडे ऑपरेशनला. शेवटी बाई म्हणतात, "बघते आणि कळवते." अशा बऱ्याच जणी नंतर कळवत नाहीत.

छोट्या व्यवसायांच्या काउंटरवर काय चालतं, हा या स्तंभाचा नेहमीचा विषय. काउंटरवर वाया जाणारा सर्वात मोठा वेळ मला या एका प्रश्नात दिसतो: "तुम्हाला कधी जमेल?" ऐकायला तो नम्र वाटतो, पण त्यानं शोधण्याचं सगळं काम अशा माणसावर पडतं, ज्याला डायरी दिसतच नाही. बाई अंधारात तीर मारत राहतात आणि डायरी समोर उघडी असलेली मुलगी फक्त नाही म्हणत राहते. ज्याला मोकळ्या जागा दिसतात त्यानंच त्या सांगायला हव्यात, आणि तीन सांगाव्यात. एकच वेळ सांगितली तर तो हुकूम वाटतो. सहा-सात सांगितल्या तर माणूस गोंधळतो, आणि तेवढ्या जागा त्याच्यासाठी अडकवून ठेवणं कोणत्याच दवाखान्याला परवडत नाही.

पण या तीन वेळा कशा निवडायच्या, ते दाताच्या दवाखान्याच्याच उदाहरणावरून पाहू. वर उल्लेख केलेल्या बाईंचं रूट कॅनल चालू आहे, असं समजा. पहिली सिटिंग शनिवारी ३ ऑक्टोबरला झाली. दाताच्या नळ्या साफ करून आत औषध भरलं आणि वर तात्पुरतं सिमेंट बसवलं. डॉक्टरांनी कार्डावर लिहिलंय, 'पुढची सिटिंग १ ते २ आठवड्यांत, ४५ मिनिटं.' कार्डावरची ही ओळ रिसेप्शनसाठी फार महत्त्वाची आहे. तात्पुरतं सिमेंट नावाप्रमाणेच तात्पुरतं असतं. ते झिजतं, कडेनं सुटतं, आणि लाळेबरोबर जंतू पुन्हा आत शिरले तर साफ केलेला दात परत बिघडू शकतो. म्हणजे बाईंना १० ते १७ ऑक्टोबर याच पट्ट्यातली वेळ द्यायला हवी. "पुढच्या महिन्यात सगळे शनिवार मोकळे आहेत" हा इथे पर्यायच नाही.

दुसरी अट लांबीची. डायरीत मंगळवारी संध्याकाळी दोन पेशंटच्या मध्ये २० मिनिटांची फट दिसते आणि नवी रिसेप्शनिस्ट तीच देऊन टाकते. त्या फटीत टाके काढता येतील, दुखऱ्या दाताचा एक्स-रे काढता येईल. रूट कॅनल होणार नाही. त्यातच खुर्ची पुसायला आणि अवजारांचा नवा संच मांडायला थोडी मिनिटं लागतात. म्हणजे ४५ मिनिटांच्या कामाला डायरीत जवळजवळ तासाची जागा हवी. कोणत्या कामाला किती वेळ लागतो याची यादी रिसेप्शनच्या टेबलावर चिकटवलेली नसेल, तर मोकळी दिसणारी प्रत्येक जागा फसवी असते. अशी चुकीची जागा दिल्याचं लगेच कळत नाही. त्या दिवशी रात्री आठ वाजता बाहेरच्या बाकावर चार जण ताटकळत बसलेले दिसतात, तेव्हा कळतं.

आता निवड. त्याआधी रिसेप्शनिस्टनं एकच प्रश्न विचारायचा: "मॅडम, तुम्हाला शनिवारच हवा आहे, की संध्याकाळच हवी आहे?" मागितलेल्या वेळेत दोन गोष्टी गुंतलेल्या असतात, दिवस आणि तास. त्यातली पक्की कोणती आणि हलणारी कोणती, हे विचारल्याशिवाय कळत नाही. आमच्या बाई बँकेत आहेत. त्या सांगतात, "कामाच्या दिवशी सातच्या आधी निघता येत नाही, शनिवारी मात्र साडेपाचला सुटते." इथे जाणकार रिसेप्शनिस्ट कॅलेंडर पाहते. १० ऑक्टोबर हा दुसरा शनिवार. २०१५ च्या सप्टेंबरपासून बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात. म्हणजे १० तारखेला बाईंना सकाळही मोकळी आहे. संध्याकाळचीच सवय असल्यामुळे ते त्यांच्या मनात आलं नसेल. १७ तारखेचा शनिवार तिसरा, म्हणजे कामाचा. त्या दिवशी संध्याकाळच द्यावी लागेल.

यातून तीन वेगळ्या स्वभावाच्या वेळा निघतात. पहिली, मागितलेलाच दिवस पण वेगळा तास. दुसरी, जवळचा वेगळा दिवस पण त्यांना जमणारा तास. तिसरी, मागितलेला वार आणि मागितलेलाच तास, फक्त आठवडाभर पुढे, आणि तरीही डॉक्टरांच्या मुदतीत. या वेगळेपणावरच माझा सर्वात जास्त भर आहे. बऱ्याच ठिकाणी "सोमवारी पाच, सव्वापाच किंवा साडेपाच" असे पर्याय देतात. ज्या बाईंना सोमवारी पाचला येता येत नाही, त्यांना साडेपाचलाही येता येत नाही. ते तीन पर्याय दिसतात, असतो एकच.

मंगळवारी ६ तारखेला सकाळी व्हॉट्सॲपवर जाणारा मजकूर मग असा होतो:

"नमस्कार मॅडम. शनिवार १० ऑक्टोबर संध्याकाळी ६ ची वेळ भरली आहे. तुमच्या सिटिंगला पाऊण तास लागेल. या तीन वेळा तुमच्यासाठी राखून ठेवल्या आहेत:
अ) शनिवार १० ऑक्टोबर, सकाळी १०.३० ते ११.१५
ब) सोमवार १२ ऑक्टोबर, संध्याकाळी ७.३० ते ८.१५
क) शनिवार १७ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.०० ते ६.४५
अ, ब किंवा क एवढंच कळवा. बुधवार ७ ऑक्टोबर रात्री ८ पर्यंत वेळा राखून ठेवते. तिन्ही जमत नसतील तर 'नाही' लिहा, मी फोन करते."

नकार पहिल्याच वाक्यात आहे आणि तो एकदाच आहे. लांबलचक दिलगिरीच्या खाली वेळा दडल्या की माणूस त्या वाचतच नाही. प्रत्येक ओळीत वार, तारीख आणि सकाळ-संध्याकाळ तिन्ही आहेत. वार आणि तारीख दोन्ही लिहिण्याचं कारण असं, की एक चुकलं तर दुसऱ्यावरून चूक पकडता येते. 'उद्या' आणि 'येत्या शनिवारी' हे शब्द मजकुरात नकोतच. रात्री साडेअकराला पाठवलेला 'उद्या' समोरचा माणूस सकाळी सातला वाचतो. संपण्याची वेळ लिहिली आहे, कारण बाईंना घरी मुलाच्या क्लासची, बसची वेळ जुळवायची असते.

पर्यायांना १, २, ३ न म्हणता अ, ब, क म्हणण्यामागे कारण आहे. आकडे दिले की उत्तर येतं, "२ चालेल." हा दुसरा पर्याय की दुपारचे दोन? "१० ला येते" म्हणजे दहा तारखेला की दहा वाजता? अक्षरांनी हा घोळ मिटतो. तरीही काही जण नुसता अंगठा पाठवतात किंवा "हो, चालेल" लिहितात. तेव्हा अंदाज बांधायचा नाही. लगेच विचारायचं, "मॅडम, अ, ब की क?" हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो म्हणून कित्येक वेळा दोन माणसं वेगवेगळ्या दिवशी एकमेकांची वाट पाहतात.

आता राखून ठेवण्याबद्दल, कारण खरी गडबड तिथेच होते. तिन्ही वेळा डायरीत पेन्सिलीनं लिहायच्या, बाजूला पेशंटचं नाव आणि सोडण्याची मुदत. दुसऱ्या कुणी शनिवारी सकाळी साडेदहाची वेळ मागितली तर खरं सांगायचं: "ती उद्या रात्री आठपर्यंत राखीव आहे, सुटली तर तुम्हाला पहिला फोन करते." पेन्सिलीची खूण नसेल तर तीच वेळ दोघांना दिली जाते आणि दोघांपैकी एकाला दारातून परतावं लागतं. बाईंचा 'ब' आला की सोमवारची नोंद शाईनं पक्की करायची, उरलेल्या दोन त्याच क्षणी खोडायच्या आणि पूर्ण तारीख-वेळ लिहून पोच पाठवायची. खोडायला विसरलं तर शनिवारची सकाळ रिकामी जाते आणि महिन्याच्या शेवटी डॉक्टर विचारतात, पेशंट का कमी झाले. मुदत किती द्यायची हे वेळ किती जवळची आहे त्यावर ठरवावं. चार दिवसांनंतरच्या वेळेला दीड दिवस ठीक आहे. उद्याच्या वेळेला दोन तासांपेक्षा जास्त देऊ नये.

मुदत उलटली आणि उत्तर आलं नाही, तर वेळा सोडायच्या. केस कापायच्या दुकानात तेवढं पुरेसं आहे. रूट कॅनलच्या पेशंटला मात्र फोन करायलाच हवा, कारण तात्पुरतं सिमेंट बाईंच्या उत्तरासाठी थांबत नाही.

फोनवर बोलताना पद्धत थोडी बदलावी लागते. ऐकणाऱ्याला सगळं डोक्यात धरावं लागतं, म्हणून आधी वार, मग वेळ, आणि दोन पर्यायांनंतर थांबायचं. तिसरा पर्याय ते दोन्ही नाकारले तरच. फोन ठेवल्यावर ठरलेली वेळ मेसेजनं पाठवायची. वयस्कर पेशंटच्या बाबतीत तो मेसेज मुलाच्या किंवा सुनेच्या फोनवर जायला हवा, आणि त्यासाठी आधी त्यांची परवानगी घ्यायला हवी.

काही वेळा तीन पर्याय देऊच नयेत. गाल सुजलाय, ताप आहे, तोंड उघडत नाही किंवा गिळताना त्रास होतोय असं पेशंटनं सांगितलं, तर डायरी बंद करायची आणि डॉक्टरांना तिथल्या तिथे सांगायचं. दवाखाना बंद असेल तर पेशंटला हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जायला सांगायचं. आणि खरोखर एकच जागा मोकळी असेल तर तसंच सांगावं. तिनाचा आकडा भरण्यासाठी दुपारी अडीचसारखी न जमणारी वेळ घुसवणं, किंवा आपल्या सोयीची वेळ गळी उतरवण्यासाठी दोन मुद्दाम वाईट वेळा लावणं, ही लबाडी आहे. पेशंटला ती पहिल्यांदा कळत नाही, पण दुसऱ्यांदा कळतेच.

दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांना माझं एवढंच सांगणं आहे. 'कधी जमेल' विचारणाऱ्या मुलीला दोष देण्याआधी तिच्या टेबलावर काय आहे ते पाहा. कामांच्या लांबीची यादी आहे का? पुढची सिटिंग किती दिवसांत, हे तुम्ही प्रत्येक कार्डावर लिहिता का? आणि तुम्हाला न विचारता वेळ पक्की करायचा अधिकार तुम्ही तिला दिलाय का? हे तिन्ही नसेल तर ती पर्याय देऊच शकत नाही. या सोमवारी दवाखाना उघडण्याआधी पंधरा मिनिटं तिच्याबरोबर बसा आणि ती यादी लिहून द्या.