‘शाळेत जाण्यास हरकत नाही’ या एका ओळीने भागत नाही

टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांचे आईवडील जूनमध्ये दवाखान्यात येतात ते बहुतेक एकाच मागणीसाठी: “डॉक्टर, शाळेने सर्टिफिकेट मागितलंय.” मग लेटरहेडवर एक ओळ लिहिली जाते, ‘सदर विद्यार्थिनीस टाइप १ मधुमेह असून ती शाळेत जाण्यास सक्षम आहे.’ खाली सही, शिक्का. शाळा तो कागद फाइलला लावते आणि सोबत पालकांकडून हमीपत्र घेते की काही झाले तर जबाबदारी आमची राहील. सगळ्यांचे समाधान होते.

माझे म्हणणे असे की हे दोन्ही कागद मुलाच्या काहीही उपयोगाचे नाहीत. दुपारी सव्वा वाजता मुलीचे हातपाय थरथरायला लागले तर बाईंनी काय करायचे, हे त्यातल्या एकाही कागदावर लिहिलेले नसते. मूल सक्षम आहे एवढे सांगून डॉक्टर मोकळा होतो, हमीपत्र घेऊन शाळा मोकळी होते, आणि प्रसंग आला की नऊ वर्षांचे मूल एकटे पडते. म्हणून सर्टिफिकेट मागू नका, पत्र मागा. आणि त्या पत्रात आजाराची माहिती दोन ओळींत संपवून शाळेचा दिवस तासांप्रमाणे लिहिलेला असू द्या.

आधी त्या दोन ओळी

टाइप १ मधुमेहात शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. ते गोड खाल्ल्याने होत नाही, संसर्गाने पसरत नाही आणि गोळ्यांनी भागत नाही. इन्सुलिन बाहेरून द्यावेच लागते. मात्र बाहेरून दिलेले इन्सुलिन एकदा टोचले की ते आपले काम करतच राहते. मुलीने डबा अर्धा टाकला, खेळाचा तास अचानक लागला, तरी त्याला ते कळत नाही. शाळेतली जवळजवळ सगळी अडचण या एका गोष्टीतून येते.

एक दिवस पाहू

समजायला सोपे जावे म्हणून चौथीतली एक मुलगी घेऊ. वजन २८ किलो. बारा वाजता मोठी सुट्टी. डब्यात दोन पोळ्या, भाजी आणि छोटी वाटीभर भात. यात साधारण ४५ ग्रॅम कर्बोदके होतात. तिला १५ ग्रॅमला १ युनिट असे प्रमाण ठरवून दिले आहे, म्हणजे जलद काम करणारे इन्सुलिन ३ युनिट. जेवणाआधी साखर तपासली, १४० आली, पेनने ३ युनिट घेतले. इथपर्यंत सगळे बरोबर.

पण एक पोळी डब्यात तशीच राहिली. म्हणजे ३ युनिट पोटात गेले ४५ ग्रॅमच्या हिशेबाने आणि जेवण झाले ३० ग्रॅमचे. त्यातच गणिताच्या बाई रजेवर होत्या, म्हणून एक वाजता वर्ग मैदानावर सोडला. जलद इन्सुलिनचा जोर टोचल्यानंतर साधारण एक ते दोन तासांत सर्वांत जास्त असतो. पळताना स्नायूही रक्तातली साखर ओढून घेतात. तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळून आल्या. सव्वा वाजता मुलगी कडेला जाऊन बसली, घाम आलेला, चेहरा पांढरा, बोलायला कंटाळा. साखर ५८. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली की त्याला आपण हायपो म्हणतो.

आता शाळेत साधारणपणे काय होते? “बरं वाटत नाही? जा, ऑफिसमध्ये जाऊन पड जरा.” मुलगी एकटी जिना चढून जाते. ऑफिसात मावशी आईला फोन लावतात, आई अर्ध्या तासाने पोचते. या अर्ध्या तासात साखर आणखी उतरते. यात कोणाचाही वाईट हेतू नाही. बाईंना माहीत नव्हते, कारण त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

याच वेळी जे व्हायला हवे ते असे. मुलगी बसली तिथेच तिला ग्लुकोज पावडरचे दोन सपाट चमचे थोड्या पाण्यात द्यायचे. हा हिशेब वजनावर आहे: किलोला साधारण ०.३ ग्रॅम, म्हणजे २८ किलोला आठ-नऊ ग्रॅम. पावडर नसेल तर तेवढीच साधी साखर पाण्यात विरघळवून चालते. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. पंधरा मिनिटे थांबायचे, पुन्हा तपासायचे. ८४ आली तर दोन बिस्किटे द्यायची आणि मुलीने वर्गात जाऊन बसायचे. अजून ७० च्या खालीच असेल तर तेवढीच पावडर पुन्हा. आईला फोन हे सगळे सुरू केल्यावर करायचा, आधी नाही.

वीस मिनिटांचे काम आहे. त्याला डॉक्टर लागत नाही, नर्स लागत नाही. लागतो फक्त वर्गात ठेवलेला एक डबा आणि हे माहीत असलेले एक मोठे माणूस.

पत्रात काय असावे

या मुलीसाठी मी पत्र लिहिले तर ते असे असेल:

“माननीय मुख्याध्यापक, स.न.वि.वि. इयत्ता चौथीतील या विद्यार्थिनीस टाइप १ मधुमेह आहे. शाळेच्या वेळेत पुढील गोष्टींची परवानगी व सहकार्य असावे.

१. ग्लुकोमीटर, इन्सुलिनचे पेन आणि खाऊ तिच्या दप्तरात राहील. ग्लुकोज पावडरचा एक डबा वर्गशिक्षिकांच्या कपाटात, कुलूप न लावता ठेवावा.

२. बारा वाजता जेवणाआधी ती स्वतः साखर तपासेल व इन्सुलिन घेईल. शिक्षिकांनी इंजेक्शन द्यायचे नाही. पेनवरचा आकडा आणि आईने वहीत लिहिलेला आकडा एकच आहे एवढे पाहावे. डबा उरला तर उरलेल्या पोळीच्या जागी पालकांनी दिलेली बिस्किटे खायला सांगावी.

३. खेळाच्या तासाआधी तिने साखर तपासावी. ९० पेक्षा कमी असल्यास आधी खाऊ, मग खेळ. तास अचानक लागला तर आकडा काहीही असो, शिक्षिकांनी आठवण करून तपासायला लावावे. जेवणाचे इन्सुलिन घेऊन दोन तास झाले नसतील आणि आकडा २५० च्या आत असेल तर दोन बिस्किटे खाऊनच मैदानावर पाठवावे. खेळातून तिला वगळू नये.

४. घाम, थरथर, अचानक चिडचिड, गुंगी, अक्षर बिघडणे यांपैकी काही दिसले तर साखर तपासावी. मीटर लगेच हाताशी नसेल तर हायपो समजूनच ग्लुकोज द्यावे. तिला वर्गाबाहेर एकटे पाठवू नये.

५. ती शुद्धीवर नसेल, गिळू शकत नसेल किंवा झटके येत असतील तर तोंडात काहीही घालू नये. एका कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा, नंतर पालकांना.

६. साखर जास्त असताना खूप तहान लागते व वारंवार लघवीला होते. पाणी आणि स्वच्छतागृह यांची परवानगी तिला मागावी लागू नये. साखर २५० च्या वर आणि सोबत उलट्या किंवा पोटात दुखत असेल तर पालकांना तातडीने बोलवावे. तिला दवाखान्यात न्यावे लागेल.”

एका पानात मावते. सोबत मुलीचा फोटो, आईवडिलांचे आणि दवाखान्याचे फोन नंबर. पाचव्या मुद्द्यासाठी ग्लुकागॉन नावाचे इंजेक्शन असते, पण ते आपल्याकडे सगळीकडे मिळत नाही. तुमच्याकडे असेल तर ते कोण देणार आणि किती, हे डॉक्टरांकडून वेगळे लिहून घ्या.

यातले आकडे या एका मुलीचे आहेत. तुमच्या मुलाचे वजन, इन्सुलिनचा प्रकार, शाळेची वेळ वेगळी असेल. हे पत्र उतरवून शाळेत देऊ नका. हे घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा आणि तुमच्या मुलाचे आकडे भरून घ्या. आणि ते पत्र दर सत्राला बदलायला लागते, कारण मूल वाढते, डोस बदलतो, वेळापत्रकही बदलते.

शाळेचे म्हणणे

शाळा सांगतात, “आमच्या शिक्षकांनी इंजेक्शन द्यायचे, ते चुकले तर?” ही भीती खरी आहे आणि मी ती हसण्यावारी नेणार नाही. एका वर्गात पन्नास मुले असतात, शिक्षिका वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या नसतात. म्हणूनच दुसऱ्या मुद्द्यात शिक्षिकांनी काय करायचे नाही हेही लिहिले आहे. पहिली-दुसरीतले मूल स्वतः टोचून घेऊ शकत नसेल, तर मधल्या सुट्टीत आई-वडिलांना आत येऊ द्यावे किंवा तयार असलेल्या एका शिक्षिकेला दवाखान्यात दोनदा बोलावून शिकवावे. पण ग्लुकोज पाण्यात कालवून देणे हे इंजेक्शन नव्हे. लागलेल्या मुलाला तुम्ही पाणी पाजता आणि जखम धुता, तितकेच ते साधे आहे. त्याला नाही म्हणायला जबाबदारीचा मुद्दा पुरत नाही. आणि मुख्य म्हणजे, हमीपत्रावर सही घेतल्याने ५८ ची साखर ८४ होत नाही.

दुसरे म्हणणे असते, “एकाला वर्गात खाऊ दिले तर सगळेच खातील.” याला उत्तर शाळांच्या वर बसलेल्यांनीच देऊन ठेवले आहे. सीबीएसईने २०१७ मध्ये दहावी-बारावीच्या परीक्षेला बसणाऱ्या टाइप १ मधुमेही मुलांना साखरेच्या गोळ्या, फळ, खाऊ आणि पाण्याची बाटली परीक्षेच्या खोलीत नेण्याची मुभा दिली. मार्च २०२३ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने राज्यांना कळवले की डॉक्टरांनी सांगितले असेल तर अशा मुलांना साखर तपासणे, इन्सुलिन घेणे, मधल्या वेळी खाणे हे वर्गात आणि परीक्षेतही करू द्यावे. बोर्डाच्या परीक्षेत चालते ते चौथीच्या परिसर अभ्यासाच्या तासाला का चालू नये? मुख्याध्यापकांना भेटायला जाताना या दोन्ही गोष्टींची आठवण ठेवा. आयोगाच्या शब्दांत ‘डॉक्टरांनी सांगितले असेल तर’ ही अट आहे हेही लक्षात घ्या. एका ओळीच्या सर्टिफिकेटने ती अट पुरी होत नाही, सविस्तर पत्राने होते.

आणि आमचेही काम

असे पत्र लिहायला डॉक्टरला वीस मिनिटे लागतात आणि ओपीडीत ती वीस मिनिटे सहज निघत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरीही ते आमचेच काम आहे. आम्ही चार वेळा इन्सुलिन लिहून देतो. त्यातली एक वेळ शाळेत येत असेल, तर ते औषध कुठे, कोणासमोर आणि कशाच्या हिशेबाने घ्यायचे हे सांगितल्याशिवाय आमचे प्रिस्क्रिप्शन अपुरे आहे. तेव्हा डॉक्टरांकडे जाताना मोकळ्या हाताने जाऊ नका. शाळेचे वेळापत्रक, खेळाचे तास, सुट्टीची वेळ आणि डब्यात रोज काय असते, हे कागदावर लिहून न्या. निम्मे पत्र तिथेच तयार झालेले असते.

पत्र दिल्यावर ते ऑफिसच्या फाइलमध्ये जाऊ देऊ नका. वर्गशिक्षिका, खेळाचे सर आणि शाळेच्या बसमधल्या ताई, या तिघांना प्रत्यक्ष भेटा आणि त्यांच्यासमोर एकदा दोन चमचे पावडर पाण्यात कालवून दाखवा. जुलैत एखाद्या दिवशी बदली शिक्षिका येतील, तेव्हा कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेले ते पान त्यांना दिसले पाहिजे.