‘फक्त 4 प्लॉट शिल्लक’, पण कधीपासून?

मंडळी, दसरा-दिवाळी जवळ आली की आपल्या श्रीरामपुरात दोन गोष्टी हमखास दिसतात. एक म्हणजे कारखान्याच्या गळीत हंगामाची चर्चा आणि दुसरी म्हणजे प्लॉटच्या जाहिराती. चौकातल्या फ्लेक्सवर, व्हॉट्सॲप ग्रुपवर, रिक्षाच्या मागे, सगळीकडे मजकूर एकच. ‘फक्त 4 प्लॉट शिल्लक’, ‘हा भाव दसऱ्यापर्यंतच’, ‘आजच टोकन द्या’. पाडव्याला पुन्हा तेच. अक्षय्य तृतीयेला पुन्हा तेच, आणि प्लॉट तरीही चारच शिल्लक!

घाई करायला सांगणारी प्रत्येक जाहिरात खोटी असते असं माझं म्हणणं नाही. मिठाईवाल्याने ‘आंबा बर्फी सीझनपुरतीच’ लिहिलं तर ते खरंच आहे, जूननंतर तो देणार कुठून? प्लॉटही मोजकेच असतात, जमीन काही वाढत नाही. 48 पैकी 44 विकले गेले असतील तर ‘4 शिल्लक’ लिहिणं ही माहिती झाली आणि ती गिऱ्हाइकाच्या उपयोगाची आहे. भानगड तिथून पुढे सुरू होते.

एक उदाहरण घेऊ, काल्पनिकच. साडेतीन एकराचा लेआउट, 60 प्लॉट, प्रत्येकी साधारण दीड गुंठा, किंमत 15 लाख. मालक सुरुवातीला विक्रीला काढतो फक्त 15 प्लॉट. त्यातले 11 जातात. फ्लेक्स लागतो, ‘फक्त 4 शिल्लक’. विचारलं तर म्हणणार, खोटं काय त्यात? पहिल्या टप्प्यात चारच राहिलेत की! पण रस्त्याने जाणाऱ्याला टप्पा माहीत नसतो. त्याला वाटतं सगळा लेआउट संपत आला. प्रत्यक्षात मागे 45 प्लॉट मोकळे पडलेत आणि पुढच्या महिन्यात ‘लोकाग्रहास्तव’ दुसरा टप्पा निघणार आहे. माझ्या मते जाहिरात इथेच दिशाभूल करणारी होते. आकडा खरा, पण वाचणाऱ्याच्या डोक्यात बसणारी गोष्ट खोटी.

कायदाही साधारण असंच बघतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 मध्ये ‘डार्क पॅटर्न’बद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात 13 प्रकार सांगितलेत आणि पहिलाच प्रकार आहे खोटी घाई. माल आहे त्यापेक्षा कमी असल्याचं दाखवणं त्यात स्पष्ट आलंय. या सूचनांचा रोख मुख्यतः ऑनलाइन विक्रीवर आहे, पण जाहिरातदार आणि विक्रेतेही त्यात धरलेत. चौकातला फ्लेक्स असेल तर त्यासाठी फसव्या जाहिरातींबद्दलच्या 2022 च्या सूचना आहेतच.

प्लॉटच्या बाबतीत तर आपल्या हातात आणखी मोठी सोय आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. जमीन 500 चौरस मीटरपेक्षा, म्हणजे साधारण पाच गुंठ्यांपेक्षा जास्त आणि प्लॉट आठपेक्षा जास्त असतील, तर अशा लेआउटची साधारणपणे महारेराकडे नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक जाहिरातीत छापावा लागतो आणि 1 ऑगस्ट 2023 पासून क्यूआर कोडही. तो कोड मोबाइलने स्कॅन करा किंवा maharera.maharashtra.gov.in वर प्रकल्प शोधा. एकूण प्लॉट किती आणि बुक किती झाले, ही माहिती प्रवर्तकाने दर तीन महिन्यांनी तिथे भरायची असते. म्हणजे ‘फक्त 4’ खरे का खोटे, हे चहा गार व्हायच्या आत कळतं.

आता त्यातही एक मेख आहे. माहिती तिमाही असल्याने आकडा दोन-अडीच महिने जुना असू शकतो, आणि नुसतं टोकन दिलेले व्यवहार त्यात दिसतीलच असं नाही. म्हणून फ्लेक्सवर 4 आणि साइटवर 9 असेल तर लगेच चोर म्हणू नका, विचारा. पण फ्लेक्सवर 4 आणि साइटवर 40 असेल तर समजून घ्या. क्रमांकच छापलेला नसेल तर तो का नाही, हा पहिला प्रश्न. आणखी एक साधी युक्ती. जाहिरातीचा तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा आणि तीन आठवड्यांनी पुन्हा बघा. ‘शेवटचे 2 दिवस’ संपल्यावर भाव खरंच वाढला का? वाढला नसेल तर ती मुदत कधी नव्हतीच.

कोणी म्हणेल, एवढं काय त्यात, धंदा म्हटल्यावर थोडं चढवून बोलणं आलंच. कपड्याच्या सेलला मीही सोडून देतो. 600 चा शर्ट घाईत घेतला तर नुकसान 600 चं. प्लॉटला मात्र घाईची किंमत वेगळी आहे. 15 लाख देण्याआधी सातबारा आणि फेरफार बघायचे असतात, एनए आदेश आणि मंजूर रेखांकन मागायचं असतं, वकिलाकडून मागच्या तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढायचा असतो, पोहोच रस्ता कागदावर आहे का ते जागेवर जाऊन ताडायचं असतं. याला आठ-दहा दिवस लागतात. ‘48 तासांत टोकन द्या’ ही ओळ नेमके तेच दिवस काढून घेते. ज्याचे कागद स्वच्छ आहेत त्याला तुमच्या दहा दिवसांची भीती वाटायचं कारण नाही. आणि घाईत सापडतो कोण? उसाचं बिल नुकतंच खात्यात पडलेला, नाहीतर रिटायरमेंटचे पैसे हातात आलेला माणूस.

टोकनचंही बघा. नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, रेराचं कलम 13. आपल्या उदाहरणात दीड लाख. म्हणून टोकन मागतात 51 हजार, ते मर्यादेत बसतं. पण व्यवहार मोडला तर ते परत मिळणार का, हे पावतीवर लिहून घ्या. तोंडी ‘होऊन जाईल’ला अर्थ नाही. आणि जाहिरातीतल्या खोट्या विधानावर विसंबून पैसे अडकले असतील तर कलम 12 प्रमाणे भरपाई मागता येते, व्यवहारातून बाहेर पडायचं असेल तर व्याजासह परतावा मागता येतो. तो स्क्रीनशॉट इथे पुन्हा कामाला येतो. नुसती चौकशी करायची असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे.

आता जे प्रामाणिकपणे लेआउट करतात त्यांच्यासाठी दोन शब्द. या खोट्या ‘शेवटच्या’ ओळींचा फटका सगळ्यात जास्त तुम्हालाच बसतोय. सरकारी मुदतींचं काय झालं बघा ना. लाडकी बहीणची 15 जुलै 2024 ची मुदत 31 ऑगस्टवर गेली, पीक विम्याचीही वाढत जाते. आता कुठलीही शेवटची तारीख सांगितली की लोक म्हणतात, वाढेल हो. तुमचे खरंच शेवटचे दोन प्लॉट राहतील तेव्हाही गिऱ्हाईक असंच हसणार आहे.

त्यापेक्षा साधं लिहा. ‘एकूण 60 प्लॉट. आजच्या तारखेला बुक 41. सध्या 15 लाख, 1 तारखेपासून साडेपंधरा. कागदपत्रं ऑफिसात बघायला मिळतील. महारेरा क्रमांक अमुक.’ आणि 1 तारीख उजाडली की भाव खरंच वाढवा, ओळखीचा आला तरी. आकडा बदलला की फ्लेक्सवरही बदला, फार तर एक स्टिकर चिकटवायचं काम आहे.

तुमच्या मोबाइलमध्ये अशा जुन्या जाहिराती पडल्या असतील तर तारखा तेवढ्या तपासून बघा. कमेंटमध्ये टाकायच्या असतील तर नाव-नंबर झाकून टाका, कुणाची बदनामी करायची नाहीये. ‘फक्त 4’ किती महिने चाललं, एवढंच सांगा.