उद्गारचिन्हे काढली म्हणजे भरोसा येत नाही

विश्रांतवाडीतल्या एका ओळखीच्या औषध दुकानदाराने रक्तदाब मोजण्याच्या यंत्राचे पत्रक माझ्यापुढे ठेवले. "सर, साठीच्या पुढची माणसं हे वाचतात, हसतात आणि ठेवून देतात. जरा नीट करून द्या." पत्रकात होते: "बीपीला करा टाटा! एक बटण दाबा, टेन्शन विसरा! शंभर टक्के अचूक!"

त्याला वाटत होते की उद्गारचिन्हे काढून 'तुम्ही'च्या जागी 'आपण' घातले की काम झाले. माझ्या मते नाही. खोटे शांतपणे सांगितले तर उलट जास्त खपते. इथे आधी मजकूरच चुकला होता. यंत्र रक्तदाब मोजते, कमी करत नाही. आणि घरचा व दवाखान्यातला आकडा वेगळा आलेला ज्याने पाहिला आहे, तो 'शंभर टक्के' वाचताच पुढच्या सगळ्यावर अविश्वास ठेवतो.

मी असे लिहिले: "हे यंत्र दंडावर पट्टा बांधून रक्तदाब मोजते. मोजण्याआधी चहा प्यायला असाल तर अर्धा तास थांबा. पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसा, पाय जमिनीवर ठेवा. मोजताना बोलू नका. एका मिनिटाने पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे वहीत लिहा. आकडा पाहून गोळी आपल्या मनाने बदलू नका. वही डॉक्टरांना दाखवा. पट्टा 22 ते 32 सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी आहे. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा, नाहीतर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. हृदयाचे ठोके अनियमित असतील तर आकडा चुकू शकतो. घेण्याआधी डॉक्टरांना विचारा."

"'चुकू शकतो' लिहिलं तर घेणार कोण?" दुकानदार म्हणाला. मी म्हटले, ते वाक्य काढलेत तर बाकीची दहा कोण खरी मानेल? (उर्दूत इश्तिहार आणि एतबार यांचे यमक जुळते, बाजारात क्वचितच.)

'लकव्याचा धोका टाळा' ही ओळ त्याला हवी होती. ती मी घेतली नाही. भीती घालणे हेही ओरडणेच. 'प्रिय आजी-आजोबा'ही गाळले. सत्तरीचा निवृत्त माणूस हिशेब करून वस्तू घेतो, त्याला लाडीगोडी नको असते.

उत्पादकाचे नाव, पत्ता आणि तक्रारीचा फोन वेष्टनावर छापणे 2011 च्या नियमांनुसार बंधनकारकच आहे, पण ती अक्षरे मुंगीएवढी. आम्ही तोच मजकूर पत्रकाच्या तळाशी मोठ्या टाइपात घेतला, 'हमखास सर्व्हिस' या शब्दांच्या जागी.

अडलो ते वॉरंटीपाशी. यंत्राला ती होती. पट्टा फाटला तर काय, हे कार्डावर कुठेच नव्हते. ग्राहक नेमके तेच विचारणार. दुकानदार कंपनीला फोन करून विचारणार आहे. तोपर्यंत ती ओळ पत्रकात नाही.