अडीच टक्के कशाचे?

इंग्रजी बोलणारे मूल दोन वर्षांचे होता होता ‘केम’ म्हणते, आणि बरोबर म्हणते. पुढे काही महिन्यांनी तेच मूल अधूनमधून ‘कम्ड’ म्हणू लागते आणि शाळेत रुळेपर्यंत पुन्हा ‘केम’वर स्थिरावते. आधी बरोबर, मग चूक, मग पुन्हा बरोबर, म्हणून आलेखावर ‘यू’ अक्षर उमटते. आपल्याकडे ‘केलं’ म्हणणारे पोर मध्येच ‘करलं’ म्हणते, ते याच जातीचे. नियम लागू नसलेल्या शब्दालाही तो लावण्याच्या या प्रकाराला अतिनियमन म्हणतात. मोठ्यांच्या तोंडून ‘कम्ड’ ऐकलेले नसते, म्हणजे ते रूप मुलाने स्वतः घडवलेले असते. कशाच्या बळावर घडवले, यावर भाषाविज्ञानात गेली चाळीस वर्षे भांडण आहे.

एका बाजूचे म्हणणे असे की मनात दोन वेगळ्या यंत्रणा असतात. ‘केम’सारखी अनियमित रूपे स्मरणात साठतात आणि बाकीच्या क्रियापदांना भूतकाळाचा नियम लागतो. स्मरणातले रूप हाती आले की त्याने नियमाला अडवायचे, ही व्यवस्था मूल जन्मतः घेऊन येते. रूप वेळेवर आठवले नाही की नियम चालून जातो आणि ‘कम्ड’ बाहेर पडते. दुसरी बाजू वापराला महत्त्व देणाऱ्यांची आहे. त्यांच्या मते वेगळा नियम असा काही नसतो. ऐकलेल्या शेकडो रूपांमधून साचे तयार होतात, जास्त शब्दांत भेटणारा साचा बळकट होतो आणि कमी ऐकलेल्या शब्दाला आपल्याकडे ओढतो.

१९८६ मध्ये रूमेलहार्ट आणि मॅक्लेलंड यांनी नियम न शिकवलेल्या संगणकीय जाळ्याकडून ही ‘यू’ रेषा काढून दाखवली, तेव्हा दुसरी बाजू जिंकल्यासारखी वाटली. पण जाळ्याला दिलेला खुराक पाहिला की तो विजय टिकत नाही. आधी फक्त दहा क्रियापदे दिली होती आणि त्यांतली आठ अनियमित होती. मग एकदम चारशे दहा नवी क्रियापदे ओतली, त्यांतली बहुतेक नियमित. रेषेतली घसरण या पुरात झाली. १९८८ मध्ये पिंकर आणि प्रिन्स यांनी नेमके यावर बोट ठेवले. मुलाच्या कानावर पडणारी भाषा अशी एका रात्रीत बदलत नाही, आणि आईबापांच्या बोलण्यातले नियमित क्रियापदांचे प्रमाण या काळात जवळपास तेच राहते. हा आक्षेप खरा होता आणि तो मान्य करायला हवा.

१९९२ मध्ये गॅरी मार्कस, पिंकर आणि सहकाऱ्यांनी ८३ मुलांच्या बोलण्यातली साडेअकरा हजारांवर अनियमित भूतकाळी रूपे तपासली आणि चुकीचा मध्यक दर काढला, तो अडीच टक्के. ‘अ‍ॅडम’ या नावाने अभ्यासात ओळखल्या जाणाऱ्या मुलाने तिसऱ्या वाढदिवसाच्या अगदी तोंडावर ‘फेल्ट’ऐवजी ‘फील्ड’ म्हटले, त्याआधीचे काही महिने त्याची अनियमित रूपे बिनचूक होती. संशोधकांचा निष्कर्ष होता की चुका इतक्या विरळ असतील तर त्या आठवण चुकल्याच्या खुणा आहेत आणि अडवण्याची यंत्रणा आरंभापासून कामावर आहे.

माझा आक्षेप या अडीच टक्क्यांना आहे. एक कल्पित मूल घ्या. त्याने एक रोजचे क्रियापद भूतकाळात चारशे वेळा वापरले आणि चार वेळा चुकवले. शिवाय दहा विरळ क्रियापदे प्रत्येकी चार वेळा वापरली आणि प्रत्येक दोनदा चुकवले. एकूण रूपे ४४०, चुका २४, दर साधारण साडेपाच टक्के. आता प्रत्येक क्रियापदाचा दर वेगळा काढून त्यांची सरासरी घ्या. एकाचा दर एक टक्का, दहांचा पन्नास, सरासरी पंचेचाळीसच्या वर. मूल तेच, बोलणेही तेच. पहिला आकडा पाहून म्हणावे की हे मूल क्वचित अडखळते, दुसरा पाहून म्हणावे की ओळखीचे एक क्रियापद सोडले तर याला अजून काहीच पक्के नाही. मायकेल मॅरॅट्सोस यांनी २००० मध्ये हेच मांडले. विरळ क्रियापदांत चुकीचा दर खूप चढतो आणि रोजच्या क्रियापदांच्या गर्दीत तो दिसेनासा होतो. त्यात ध्वनिमुद्रण आठवड्या-पंधरवड्यातून तास-दोन तासांचे. विरळ क्रियापद त्या तासात एकदा आले तर आले. म्हणून मँचेस्टरच्या गटाने पुढे एकाच मुलाचे दाट मुद्रण केले आणि २००४ मध्ये मासलेन, थीकस्टन, लिव्हन, टोमासेलो यांनी प्रत्येक शब्दाचा प्रवास स्वतंत्रपणे पाहिला. अशा मुद्रणात एकच मोठा ‘यू’ दिसत नाही. वेगवेगळ्या वेळी सुरू होणारे, वेगवेगळ्या खोलीचे अनेक ‘यू’ दिसतात, आणि काही क्रियापदांत एकही नाही.

एवढ्याने जन्मजात यंत्रणा खोटी ठरत नाही. जास्त ऐकलेला शब्द कमी चुकतो, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे. स्मरण पक्के झाले असे एकाने म्हणावे, ‘कम्ड’ अपेक्षित असताना दर वेळी ‘केम’ कानावर पडल्याने साचा मागे हटला असे दुसऱ्याने. इंग्रजीत हे दोन अर्थ वेगळे काढणे फार अवघड आहे, कारण तिथे नियमित गट एकच आहे आणि तोच सर्वांत मोठाही आहे. मूल ‘नियम’ लावते आहे की ‘मोठा साचा’, हे कसे ओळखणार?

ओळखायचे तर एकाहून अधिक साचे नांदणारी भाषा हवी, आणि मराठी तशी आहे. बस, बसला, पळ, पळाला, माग, मागितला. प्रत्यय कधी थेट लागतो, कधी ‘आ’ मध्ये येतो, कधी ‘इत’. यांतला मूळ नियम कोणता? एकच नियम जन्मतः राखीव असेल, तर मुलांच्या चुका एकाच दिशेने वळाव्यात, ‘सांगितलं’चे ‘सांगलं’ व्हावे पण ‘बसला’चे ‘बसितला’ सहसा होऊ नये. साच्यांची ओढ असेल, तर चुका क्रियापदाच्या उच्चारसाम्यावर आणि त्या मुलाला ठाऊक असलेल्या प्रत्येक गटाच्या आकारावर हलत राहाव्यात. मला दुसरे अधिक संभवनीय वाटते. मार्चमन आणि बेट्स यांनी १९९४ मध्ये हजाराहून अधिक मुलांच्या पालकांकडून आलेल्या नोंदींवरून दाखवले होते की मुलाचा क्रियापदांचा साठा वाढेल तशी अतिनियमनाची सुरुवात होते, नुसत्या वयाने होत नाही.

मात्र मराठीत चूक मोजण्याआधी आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. ‘बघलं’ आणि ‘पिलं’ ही रूपे अनेक भागांत मोठी माणसे सर्रास बोलतात. प्रमाण मराठी समोर ठेवून ती चूक म्हणून नोंदवली, तर ऐकून उचललेले रूप मुलाने घडवलेले ठरेल आणि दर फुगेल. म्हणून मुलासोबत त्याच्या आई, आजी, शेजारी यांचे बोलणेही त्याच दिवसांत मुद्रित व्हायला हवे, आणि प्रत्येक क्रियापदापुढे मुलाने ते किती वेळा वापरले यासोबत किती वेळा, कोणत्या रूपात ऐकले हेही लिहिलेले हवे.