तुमच्या साडेबारा गोळ्या

डोळ्यांच्या गोळ्या विकणाऱ्या कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकांस,



'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे,' हे तुमच्या ग्राहक विभागाचे उत्तर आता पाठ झाले. प्रश्नाचे उत्तर मात्र आले नाही. म्हणून हे जाहीर पत्र.

तुमच्या डबीवर ठळक अक्षरांत 'एरेड्स-२वर आधारित' असे छापले आहे. या नावाच्या औषधयोगात रोज ५०० मिलीग्रॅम क जीवनसत्त्व, ४०० युनिट ई, ८० मिलीग्रॅम जस्त, २ मिलीग्रॅम तांबे, १० मिलीग्रॅम ल्युटिन आणि २ मिलीग्रॅम झियाझँथिन असते. तुमच्या गोळीत ल्युटिन बरोबर आहे, त्याबद्दल अभिनंदन! पण क फक्त ४० आणि जस्त १२ मिलीग्रॅम. २०१३च्या एरेड्स-२ अभ्यासात जस्त कमी करून पाहिले होते, तेही २५वर. जास्त जस्ताने शरीरातले तांबे घटू नये म्हणून घातलेले तांबे तर तुमच्याकडे नाहीच.

माझ्या वडिलांनी क जीवनसत्त्वाचा ५००चा आकडा गाठायचा, तर रोज साडेबारा गोळ्या गिळायच्या. मग जस्त १५० आणि ल्युटिन १२५ मिलीग्रॅम पोटात जाणार. हा सल्ला तुमचे वैद्यकीय सल्लागार लेखी देतील का?

वडिलांचा मॅक्युलर डिजनरेशन मधल्या टप्प्यावर आहे. नेमका अशाच रुग्णांना या औषधयोगाचा उपयोग दिसला आहे. २००१च्या मूळ अभ्यासात पाच वर्षांत नुसती खोटी गोळी घेणाऱ्या शंभरातल्या २८ जणांचा आजार शेवटच्या टप्प्याला गेला; पूर्ण मात्रा घेणाऱ्यांत २० जणांचा. म्हणजे आजाराचा वेग कमी होतो, गेलेली दृष्टी परत येत नाही. आणि हा फायदा पूर्ण मात्रेचा आहे. तुमच्या तुटपुंज्या मात्रेने किती होतो, हे कोणी तपासले? तुम्ही तपासले असेल तर आकडे द्या.

तुमच्या जाहिरातीत मात्र चष्म्याचा नंबर उतरतो, मोतीबिंदू टळतो, शाळकरी मुलांची नजर तेज होते. सुरुवातीच्या टप्प्यातल्यांनाही फायदा दिसला नाही, तिथे धडधाकट मुलांचे काय घेऊन बसलात? मोतीबिंदूवर परिणाम आढळला नाही. ज्या ओमेगा-३साठी तुम्ही 'प्लस' डबीचे जादा पैसे घेता, त्याचाही २०१३मध्ये उपयोग दिसला नाही.

सगळ्यात संताप येतो तो तुमच्या स्वस्त डबीचा. तिच्यात अजून १५ मिलीग्रॅम बीटा-कॅरोटिन आहे. सिगारेट सोडलेल्यांमध्ये त्याने फुप्फुसाच्या कॅन्सरचे प्रमाण वाढलेले दिसले, म्हणूनच ते काढून ल्युटिन आणि झियाझँथिन घेतले गेले. वडिलांनी तीस वर्षे सिगारेट ओढली आहे. डबीवर त्याबद्दल एक ओळही नाही.

तेव्हा 'एरेड्स-२' हे नाव डबीवरून काढा, नाहीतर मात्रा पूर्ण करा. आणि बीटा-कॅरोटिनची डबी दुकानांतून परत घ्या.

एक ग्राहक